जादूचा जमाखर्च

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक पाहिले नाही असे घर विरळाच. पेटी आणि मृदंग यांच्या साथीवर रात्र सरत जाते, राक्षस गर्जना करतो, देव वर देतो, ऋषी शाप देतो. आणि अखेरीस काय होणार हे समोर बसलेल्या लहान मुलालाही आधीपासून ठाऊक असते. असे असूनही भस्मासुर मोहिनीच्या नृत्याचे अनुकरण करू लागला, आणि तिच्या हाताबरोबर त्याचाही हात हळूहळू वर चढू लागला, की सारे प्रेक्षक श्वास रोखून बसतात. शेवट माहीत असताना ही उत्कंठा येते कोठून?

आमच्या मते ती नियमातून येते. ज्याच्या मस्तकावर हा हात पडेल तो भस्म होईल, एवढाच त्या वराचा नियम. त्यात 'भस्मासुराखेरीज' असा अपवाद नाही. प्रेक्षकांनी हा नियम नाटकाच्या आरंभी ऐकलेला असतो, म्हणूनच हात आणि मस्तक यांमधील अंतर प्रत्येकाची नजर आपोआप मोजू लागते. तो नियम आधी सांगितलाच नसता, आणि राक्षस नाचता नाचता एकाएकी जळून गेला असता, तर प्रेक्षकांना क्षणभर आश्चर्य वाटले असते. पण श्वास कोणी रोखला नसता.

आज विद्यार्थ्यांच्या वह्यांत अद्भुत कथा पुष्कळ लिहिल्या जातात. कोणी दहा पानांची गोष्ट लिहितो, कोणी शंभर पानांची कादंबरी लिहून भावंडाच्या किंवा मित्राच्या हाती देतो आणि विचारतो, "कशी वाटली?" वाचणारा "छान आहे" म्हणतो, नाही तर "शेवट पटला नाही" म्हणतो. या दोन्ही उत्तरांनी लिहिणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. शेवट का पटला नाही, आणि तो पटावा म्हणून कोणते पान दुरुस्त करावे, हे सांगता आले तरच वाचन उपयोगी पडले असे म्हणता येईल. जादूच्या कथेपुरते हे कसे सांगावे, एवढाच विषय आम्ही येथे घेतला आहे.

प्रथम तीन शब्द वेगळे करून घेऊ : शक्ती, मर्यादा आणि मोल. जादूने काय करता येते ती शक्ती. काय करता येत नाही ती मर्यादा. केल्यानंतर करणाऱ्याचे काय जाते ते मोल. नवे लेखक शक्तीचे वर्णन हौसेने करतात, मर्यादा ओझरती सांगतात आणि मोल बहुधा विसरतात. वाचकाची उत्कंठा मात्र याच्या अगदी उलट्या क्रमाने पोसली जाते. नायकाला काय करता येते हे कळल्याने आपल्याला कौतुक वाटते. काय करता येत नाही आणि केले तर काय गमवावे लागेल हे कळल्याने काळजी वाटते. कथा पुढे वाचावीशी वाटते ती काळजीमुळे.

मर्यादेचे एक सोपे उदाहरण अल्लादीनच्या गोष्टीत आहे. त्याच्याजवळ दोन जिनी असतात, एक अंगठीचा आणि एक दिव्याचा. दुष्ट जादूगार दिवा पळवतो आणि राजकन्येसह सारा राजवाडा दूर देशी नेतो. अल्लादीन अंगठीच्या जिनीला म्हणतो, राजवाडा परत आण. तो जिनी उत्तर देतो की ते माझ्या हातचे नाही, ते काम दिव्याच्या चाकराचे आहे. मी तुला तेथवर पोहोचवू शकेन. या एका नकारामुळे पुढची गोष्ट शिल्लक राहते. अल्लादीनला स्वतः तेथे जावे लागते, राजकन्येला भेटावे लागते, दिवा परत मिळवण्याची युक्ती योजावी लागते. अंगठीने सारेच केले असते तर गोष्ट त्याच ओळीत संपली असती.

अमेरिकन कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी 2007 साली लिहिलेल्या एका निबंधात हाच विचार नियमाच्या रूपाने मांडला आहे. त्याचा आशय असा : जादूने कथेतील संकट सोडवायचे असेल, तर ती जादू वाचकाला जितकी समजलेली असेल तितकेच ते सोडवणे समाधानकारक होते. हा विचार आजचा असला तरी त्याचे उत्तम उदाहरण आपल्या घरात फार पूर्वीपासून आहे. ते म्हणजे महाभारतातील कर्णाची वासवी शक्ती. हस्तलिखिताच्या परीक्षकाने हे प्रकरण एकदा लक्षपूर्वक तपासावे, म्हणजे पुढे काय शोधायचे ते त्याला कळेल.

कर्णाच्या अंगावर जन्मतः कवच आणि कुंडले होती. ती असेपर्यंत त्याला मारणे शक्य नव्हते. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येऊन ती मागणार आहे, हे सूर्याने कर्णाला स्वप्नात आधीच सांगून ठेवले. कर्णाने दान नाकारले नाही, पण त्याच्या बदल्यात इंद्राजवळ त्याची शक्ती मागितली. इंद्राने ती दिली ती दोन अटी घालून. पहिली अट, ही शक्ती कर्णाच्या हातून एकाच शत्रूला मारील आणि मग इंद्राकडे परत जाईल. दुसरी अट, दुसरी अस्त्रे हाताशी असताना आणि प्राणावर बेतले नसताना ती सोडली, तर ती सोडणाऱ्यावरच उलटेल.

आता मोजून पाहू. शक्ती काय, तर नेम चुकत नाही. मर्यादा काय, तर एकदाच, आणि तीही प्राणसंकटात. मोल काय, तर कवचकुंडले, म्हणजे कर्णाचे स्वतःचे अमरत्व. आणि ते मोल त्याने आगाऊ दिले आहे. हे सारे वनपर्वात सांगितले जाते, युद्ध सुरू होण्याच्या पुष्कळ आधी. म्हणून युद्ध पेटल्यावर वाचकाच्या मनात हिशेब चालू राहतो. कर्णाजवळ एक अस्त्र असे आहे की जे अर्जुनाला वाचू देणार नाही. पण ते एकच आहे.

चौदाव्या दिवशी सूर्यास्तानंतरही युद्ध थांबत नाही. रात्री राक्षसांची माया वाढते, हा आणखी एक नियम. कृष्ण नेमक्या त्या वेळी घटोत्कचाला कर्णावर पाठवतो. कौरवसेनेचा असा संहार होतो की सारे कर्णाला विनवू लागतात, आता तरी शक्ती सोड. कर्ण ती सोडतो, घटोत्कच मरतो आणि शक्ती इंद्राकडे निघून जाते. मरता मरता घटोत्कच आपला देह प्रचंड वाढवून कौरवसेनेवर कोसळतो, म्हणून त्याचा मृत्यूही फुकट जात नाही. पांडव शोकात बुडालेले असताना कृष्ण मात्र आनंदाने नाचू लागतो, आणि अर्जुन चकित होऊन त्याचे कारण विचारतो. वाचकाला कारण सांगावे लागत नाही; तो हिशेब त्याने आधीच केलेला असतो. अर्जुन वाचला, पण त्याचे मोल भीमाच्या पुत्राने दिले. एका नियमातून आनंद आणि शोक एकाच क्षणी कसे उपजतात, ते येथे दिसते.

याच प्रकरणात एक जागा अशी आहे की जेथे चिकित्सक वाचकाला शंका येते. कर्ण अकराव्या दिवशी युद्धात उतरला. मग चौदाव्या रात्रीपर्यंत त्याने ती शक्ती अर्जुनावर का सोडली नाही? विशेष हे की ही शंका महाभारताने लपवलेली नाही. धृतराष्ट्र स्वतःच संजयाला हा प्रश्न विचारतो. संजयाच्या उत्तराचा आशय असा, की रोज रात्री आम्ही कर्णाला तसे करण्याचे सुचवीत होतो, पण सकाळ झाली की दैवयोगाने ते मनातून निघून जाई. कृष्ण सात्यकीला सांगतो, मीच कर्णाला मोह पाडत होतो, आणि अर्जुनाला त्याच्यासमोर जाऊ देत नव्हतो.

आम्हाला यातील दोन कारणांचे वजन सारखे वाटत नाही. अर्जुनाचा रथ कर्णापासून दूर ठेवणे ही सारथ्याची युक्ती आहे. ती कथेतील नियमांत बसते आणि वाचकाला पटते. सकाळी विसर पडत होता, हे कारण पुराणकथेत श्रद्धेने चालते, कारण तेथे कृष्ण हा केवळ सारथी नाही. परंतु एखाद्या विद्यार्थ्याच्या हस्तलिखितात 'नायक ऐनवेळी विसरला' असे आले, तर आम्ही समासात खूण करू. प्राचीन कथेचा अधिक्षेप करण्याचा येथे हेतू नाही. इतक्या मोठ्या रचनेलाही 'मग आधी का नाही?' या प्रश्नाला उत्तर द्यावेसे वाटले, एवढेच आम्हाला सांगायचे आहे. प्रत्येक जादूच्या कथेला हा प्रश्न विचारावा लागतो.

आता प्रत्यक्ष परीक्षेची रीत सांगतो. हस्तलिखित दोनदा वाचावे. पहिले वाचन वाचक म्हणून, हातात पेन्सिल धरून पण काही न लिहिता. जेथे मन ढिले पडले, जेथे 'छे' असे वाटले, तेथे केवळ एक टिंब द्यावे. दुसरे वाचन वही घेऊन करावे. दुकानदार जमाखर्च ठेवतो तशी वहीच्या पानावर चार घरे आखावी. पहिल्या घरात पानाचा आकडा आणि तेथे जादूने काय झाले ते. दुसऱ्या घरात, त्याचा नियम आधी कोणत्या पानावर सांगितला आहे तो आकडा. तिसऱ्या घरात, त्याचे मोल काय पडले आणि ते पुढे किती पानांपर्यंत जाणवते. चौथ्या घरात, शक्ती मोजकी असेल तर शिल्लक किती राहिली. दुसऱ्या घरातील आकडा पहिल्या घरातील आकड्याहून लहान असला पाहिजे, ही पहिली कसोटी. तो आकडा तोच असेल, म्हणजे नियम आणि त्याचा उपयोग एकाच पानावर असतील, तर ती जादू ऐनवेळी बनवलेली आहे असे समजावे.

हे उदाहरणाने स्पष्ट व्हावे म्हणून आम्ही एक काल्पनिक हस्तलिखित रचून घेतो. त्याची नऊ प्रकरणे आहेत आणि कथा वाळवंटी नदीच्या काठी घडते. एका मुलाला घराच्या माळ्यावर सात हात लांबीची काथ्याची दोरी सापडते. तिचा नियम असा, की जी वस्तू किंवा जो जीव एकदा या दोरीने बांधला गेला, तो पुढे कोठेही असो, दोरी हातात धरून 'ये' म्हटले की समोर येतो. प्रत्येक हाकेला दोरीचा एक हात जळून जातो. पहिल्याच प्रकरणात मुलाची धाकटी बहीण खेळता खेळता ती दोरी आपल्या मनगटाला बांधून घेते. त्याच प्रकरणात वाण्याच्या तराजूत दोघे भावंडे बसतात आणि काटा मधोमध राहतो. धाकटी असून ती त्याच्याएवढीच वजनदार, म्हणून घरात थट्टा होते.

दुसऱ्या प्रकरणात नदीत बुडालेली पितळेची कळशी काढण्यासाठी मुलगा किती तरी वेळ बुड्या मारतो. तो पट्टीचा पोहणारा आहे. कळशी सापडत नाही, तेव्हा तो दोरीने ती बोलावतो. कळशी येते, आणि त्याच क्षणी आईचा त्याच वजनाचा तांब्याचा हंडा घरातून नाहीसा होतो. तिसऱ्या प्रकरणात शेजाऱ्याचे रानात हरवलेले वासरू तो बोलावतो, आणि स्वतःच्या गोठ्यातील वासरू नाहीसे होते. चौथ्या प्रकरणात नदीचे पाणी उतरते आणि हंडा सापडतो, तो नेमका कळशी बुडाली होती त्या जागी. म्हणजे ही जादू अदलाबदलीची आहे. जेथून वस्तू आली तेथे बोलावणाऱ्याच्या घरातील त्याच वजनाची वस्तू जाते. निर्जीवाच्या बदली निर्जीव, जीवाच्या बदली जीव. येथवर लेखकाने उत्तम काम केले आहे. मोल काय आहे हे त्याने सांगितले नाही, घडवून दाखवले.

पाचव्या प्रकरणात मुलगा मोहाने चेंडू आणि पतंग बोलावतो आणि घरातील दोन बारीकसारीक वस्तू जातात. सहाव्यात गावचा सावकार दोरी चोरतो आणि एकदा वापरतो. सातव्यात दोरी परत मिळाल्यावर मुलगा आपले वासरू बोलावून घेतो. आठव्यात आजोबांच्या चष्म्याचा डबा बोलावतो, आणि त्यांची तपकिरीची डबी जाते. नवव्या प्रकरणात वाळवंटीला पूर येतो. हा पूर बाजारात शिरतो तेव्हा काय होते, ते साखळीच्या वाचकाला सांगायला नको. बहीण प्रवाहात सापडते आणि मध्यावर एका झाडाच्या फांदीला धरून राहते. लेखक लिहितो की दोरीचा शेवटचा हात उरला होता. मुलगा 'ये' म्हणतो, बहीण अंगणात येते, आणि त्या दिवशी घरातून काहीच गेले नाही, कारण दोरीला दया आली.

पहिल्या वाचनात आपले टिंब या शेवटच्या वाक्यावर पडते. दुसऱ्या वाचनात वही काय सांगते ते पाहू. चौथ्या घरातील आकडे मोजले तर दुसऱ्या प्रकरणात 1, तिसऱ्यात 1, पाचव्यात 2, सहाव्यात 1, सातव्यात 1 आणि आठव्यात 1, असे 7 हात जळून गेले आहेत. पुराच्या वेळी दोरी उरलेलीच नाही. ही चूक साधी बेरजेची वाटते. पण असल्या चुका बहुधा दुसऱ्या एखाद्या दोषाची खूण असतात, म्हणून लगेच 'सातऐवजी आठ हात लिही' असे सांगू नये.

तिसऱ्या घरात पाहिले की दोष सापडतो. सातव्या प्रकरणातील वासराच्या परतीसमोर मोलाचे घर रिकामे आहे. वासरू रानातून परत आले तर घरातील दुसरा तेवढाच जीव रानात जायला हवा होता. कोणी गेले नाही. लेखकाला मुलाचे दुःख पाहवले नाही आणि त्याने दिलेले मोल परत केले. येथेच उत्कंठा फुटली. जे गमावले ते पुढच्या प्रकरणात फुकट परत मिळते, असे वाचकाने एकदा पाहिले की पुढच्या कोणत्याही संकटाची त्याला खरी भीती वाटत नाही. पुराच्या प्रसंगी तो मनात म्हणतो, येथेही काही तरी होईल. आणि खरोखरच दोरीला दया येते. म्हणजे नवव्या प्रकरणातील अपयशाचे मूळ सातव्यात आहे. सातव्यातील हाक काढून टाकली, वासरू हरवलेलेच राहू दिले किंवा मुलाने ते पायी रानोरान हिंडून शोधले, तर एका दुरुस्तीने दोन दोष जातात. मोल खरे राहते, आणि शेवटी दोरीचा एक हात आपोआप शिल्लक उरतो.

सहाव्या प्रकरणातही मोलाचे घर रिकामे आहे. सावकाराने दोरी वापरली, त्याची पेटी आली, पण त्याच्या घरातून काही गेले नाही. खलपुरुषाला नियम लागू न करणे हा दोष आम्हाला फार आढळतो. लेखकाला वाटते की त्यामुळे खल अधिक भयंकर होतो. वास्तविक तो केवळ अनाकलनीय होतो, आणि अनाकलनीयाशी झुंज कशी द्यावी याचा विचार वाचकाला करता येत नाही. सावकाराच्या घरातून पेटीच्या वजनाच्या खतावण्या गेल्या असत्या, तर नियमही पाळला गेला असता आणि गावकऱ्यांना हसायलाही मिळाले असते.

आता शेवटाकडे येऊ. 'दया आली' हे शब्द खोडले तर लेखक म्हणेल, मग बहीण वाचणार कशी? याचे उत्तर परीक्षकाने स्वतःच्या कल्पनेने देऊ नये. हस्तलिखितात जे आधीच पेरले आहे त्यात शोधावे. नियम म्हणतो, जीवाच्या बदली तेवढ्याच वजनाचा जीव, आणि तो बोलावणाऱ्याच्या घरातला. या घरात बहिणीच्या वजनाचा एकच जीव आहे, आणि तो आहे स्वतः मुलगा. वाण्याच्या तराजूने ते पहिल्याच प्रकरणात सांगितले आहे. तो 'ये' म्हणेल तर बहीण अंगणात येईल आणि तो प्रवाहाच्या मध्यावर त्या फांदीपाशी जाईल. तिला पोहता येत नाही, त्याला येते. हे दुसऱ्या प्रकरणात सांगितले आहे. दोरी संपलेली असेल, म्हणून त्याला परत बोलावता येणार नाही. हे सारे मुलाला कळते, आईला कळत नाही, आणि वाचकाला कळते. दोरी हातात घेऊन तो उभा आहे, एवढ्या एका वाक्यात आता जो ताण येईल तो पुराच्या दहा पाने वर्णनानेही आला नसता. पुढे तो तरून आला तर तो हातपाय मारून आला पाहिजे, दोरीमुळे नव्हे.

येथे नवे काहीच आणावे लागले नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. तराजू, पोहणे, हंड्याची जागा, हे सारे लेखकानेच लिहिले होते. आपण काय लिहून ठेवले आहे हे तो शेवटाच्या घाईत विसरला. परीक्षकाचे काम त्याला त्याच्याच ठेवीची आठवण करून देणे, एवढेच.

वही करण्याइतका वेळ नसेल तर एक लहान परीक्षा घरच्या घरी करता येते. कथेचे सर्वांत मोठे संकट ज्या पानावर सुटते ते पान झाकावे आणि तेथवर वाचलेल्या भावंडाला तीन प्रश्न विचारावे : आता नायकाला काय करता येईल? काय करता येणार नाही? आणि जे करील त्यात त्याचे काय जाईल? 'काहीही होऊ शकेल' असे उत्तर आले तर नियम पोहोचलेले नाहीत. पहिल्या प्रश्नाला उत्तर आले आणि तिसऱ्याला आले नाही, तर मोल पोहोचलेले नाही. तिन्ही उत्तरे बरोबर आली तर लेखकाने 'माझे रहस्य फुटले' म्हणून घाबरू नये. भस्मासुराचा हात कोठे जाणार हे प्रत्येकाला ठाऊक असते, आणि तरीही सारे त्या हाताकडेच पाहत असतात.

मोल खरे आहे की नुसते शब्दांचे आहे, हेही यातच कळते. पुष्कळ हस्तलिखितांत 'मंत्र म्हणताच तो थकून कोसळला' असे वाक्य असते आणि पुढच्या पानावर तोच नायक तट चढत असतो. असे मोल वहीत मांडले की तिसऱ्या घरात 'एक पान' असे लिहावे लागते. मोल जड असलेच पाहिजे असे नाही. हंडा गेला एवढेही पुरते. पण ते गेल्यावर आईला पाणी भरायला अडचण झाली पाहिजे, आणि ती अडचण पुढेही दिसली पाहिजे. आता जादू करावी की न करावी, असा विचार नायकाला पडू लागला म्हणजे मोल खरे झाले असे समजावे.

या परीक्षेची एक मर्यादा सांगितली पाहिजे, नाही तर आमच्याच नियमाला मर्यादा नाही असे होईल. प्रत्येक अद्भुत गोष्टीला हा जमाखर्च लावू नये. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली ही कथा घ्या. भिंत कोणत्या नियमाने चालली, असे आपण विचारत नाही, आणि विचारणे अप्रस्तुत आहे. कारण तेथे संकटातून सुटकेचा प्रश्न नाही, वाघावर बसून आलेल्या चांगदेवांचा अभिमान गळून पडण्याचा प्रश्न आहे. जेथे अद्भुत हे विस्मयासाठी किंवा भक्तिभावासाठी येते, तेथे ते अगम्य राहणेच योग्य. हिशेब मागावा तो जादू संकट सोडवू लागते तेथे. जितके मोठे संकट ती सोडवील, तितका स्पष्ट हिशेब तिने आधी दिलेला असावा.

त्याचप्रमाणे नियम स्पष्ट हवेत याचा अर्थ ते लांबलचक हवेत असा नाही. कोणी कोणी हस्तलिखिताच्या आरंभी जादूचे चाळीस नियम दंडसंहितेसारखे लिहून काढतात. वाचक ते विसरतो आणि लेखकही विसरतो. वासवी शक्तीला दोन अटी पुरल्या. भस्मासुराला एक पुरली. नियम थोडे असावेत, ते कोणाच्या तरी नुकसानीतून कळावेत, आणि एकदा कळल्यावर ते नायकाच्या आईसाठीसुद्धा बदलू नयेत.

तेव्हा यापुढे कोणी आपले हस्तलिखित हाती देऊन "कशी वाटली?" असे विचारील, तेव्हा चार घरांचे एक पान आखावे, दोरी किती हात उरली ते मोजावे, आणि जेथे मोलाचे घर रिकामे असेल त्या पानाचा आकडा लिहिणाऱ्याला सांगावा. त्याला प्रथम राग येईल. रात्री तो ते पान पुन्हा उघडून पाहील.